द्राक्षाच्या पेटीचं कोटेशन मागवताना नेमकं काय लिहायचं? (चार उत्तरं, चार तऱ्हा)

गोदाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ओझरजवळ आमचा अठरा शेतकऱ्यांचा गट आहे, एक छोटं पॅकहाऊस आहे आणि खरेदीचं काम माझ्याकडे आहे. जानेवारीपासून माल सुरू होईल. त्यासाठी ५ किलोच्या ४०,००० छापील पुठ्ठ्याच्या पेट्या लागणार आहेत. पेटीत ५०० ग्रॅमचे दहा पनेट बसतात, माल समुद्रमार्गे युरोपला जातो.

गेल्या हंगामात मी चार जणांना व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवली होती: "५ किलो द्राक्ष बॉक्स, ५ प्लाय, दोन कलर, ४०० × ३०० × १२०, रेट सांगा." चौघांनी चार तऱ्हेने भाव दिले. एकाचा गाडीभाड्यासह, दुसऱ्याचा भाड्याशिवाय, तिसऱ्याने डायचे पैसे वेगळे लावले, चौथ्याने "सॅम्पलप्रमाणे" एवढंच लिहिलं. मी सर्वांत कमी आकडा धरला. पेट्या आल्यावर पॅलेट रचायला घेतलं तर पेट्या पॅलेटच्या बाहेर लोंबू लागल्या. पहिल्या दोन कंटेनरमध्ये खालच्या थरांचे कोपरे दबले, पनेटमधला माल चेपला आणि तिकडून कपात लागली. ते पैसे अठरा घरांच्या हिशेबातून गेले. मला अजून झोप लागत नाही असं म्हटलं तरी चालेल.

यंदा एक नीट चौकशीपत्र बनवायचं आहे, आणि उत्तरही सगळ्यांनी एकाच तक्त्यात भरून द्यायचं. त्यात काय असावं?

---

टेंडरमास्तर | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्या. मग बयाणा रक्कम, दोन लिफाफे, तांत्रिक वेगळा आणि दराचा वेगळा. उघडताना सगळ्यांसमोर उघडायचे, आणि सर्वांत कमी दरवाल्यालाच काम द्यावं लागतं, नाहीतर ऑडिटमध्ये अडकाल. मी जिल्हा परिषदेत बरीच वर्षं हेच केलं.

---

गोदाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३२

मास्तर, आभार. पण आमचा खाजगी गट आहे, निविदा नाही. कमी दरवाल्यालाच द्यायचं असं बंधन आमच्यावर नाही. उलट गेल्या वर्षी तेच करून फसलो.

---

सीमा_निफाड | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

दादा, तुमची चूक मापात झाली आहे, भावात नाही. मी पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे, हेच एकदा आमच्याकडे झालं होतं. ४०० × ३०० हे बाहेरचं माप आहे की आतलं, हे तुम्ही लिहिलंच नव्हतं. पुठ्ठेवाले सहसा आतलं माप धरतात, कारण माल आत बसायचा असतो. पॅलेटला मात्र बाहेरचं माप लागतं.

१२०० × १००० च्या पॅलेटवर ४०० × ३०० च्या दहा पेट्या एका थरात बरोबर बसतात. लांबीला तीन पेट्यांच्या दोन ओळी, आणि उरलेल्या ४०० च्या पट्टीत आडव्या चार. एक मिलिमीटरही शिल्लक राहत नाही. पाच प्लायच्या भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी धरली तर तुमची पेटी बाहेरून ४१२ × ३१२ च्या आसपास आली असणार. तीन पेट्यांचे १२३६ झाले, आडव्या चारचे १२४८. म्हणजे सगळीकडून लोंबणारच. पेटीचा भार तिच्या चार उभ्या कोपऱ्यांवर असतो. कोपरा पॅलेटच्या बाहेर गेला की त्याला खालून आधारच राहत नाही.

---

गोदाकाठ | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:४८

ताई, अगदी हेच झालं. पेटी मोजून पाहिली, आतून बरोबर ४०० होती. पुरवठादाराची चूक आहे असं मी वर्षभर समजत होतो.

---

ओझरकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

मापापेक्षा मजबुती बघा. जास्त जीएसएम म्हणजे मजबूत पेटी, साधा हिशेब आहे. चौकशीत लिहून टाका: "सगळे थर १८० जीएसएम." कोणी फसवू शकणार नाही. आणि जीएसटीची काळजी सोडा, तो परत मिळतो. भाव नेहमी जीएसटी सोडूनच तोलायचे.

---

पुठ्ठेवाला | १५ ऑक्टोबर, दुपारी १:१०

मी अंबडच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं आहे, आधी मशीनवर, आता कोटेशनवर. त्यामुळे समोरच्या बाजूने बोलतो.

ओझरकर, जीएसएम हे कागदाचं वजन आहे. मजबुती कागदाच्या जातीवरही असते. १८० जीएसएमचा कागद १६ बीएफचा असतो आणि २२ बीएफचाही असतो, भावात बराच फरक पडतो. तुम्ही नुसतं "१८० जीएसएम" लिहिलं तर जो प्रामाणिकपणे २२ बीएफ धरेल तो महाग दिसेल आणि तुम्ही त्याला बाद कराल. बरं, बीएफ लिहिला तरी तो कागद फुटण्याचा आकडा आहे. द्राक्षाची पेटी फुटत नाही, दबते. शीतगृहात हवेत ओल असते, पुठ्ठा ती ओढून घेतो आणि तीन-चार आठवडे वरचा भार सोसत राहतो.

म्हणून गोदाकाठ, चौकशीपत्रात आधी पेटी काय काम करणार ते लिहा. तुमच्याकडे किती थर रचतात?

---

गोदाकाठ | १५ ऑक्टोबर, दुपारी १:४५

अठरा. भरलेली पेटी ५.७ किलोच्या आसपास भरते.

---

पुठ्ठेवाला | १५ ऑक्टोबर, दुपारी २:३०

मग सर्वांत खालच्या पेटीवर सतरा पेट्या, म्हणजे ९७ किलो. हा झाला प्रत्यक्ष भार. कोरड्या हवेत मशीनवर दाबून जो आकडा येतो, तो ओल आणि दिवस यांच्यामुळे खूप खाली येतो. ओलसर पुठ्ठ्याची ताकद निम्मीही उरत नाही असं मी पाहिलं आहे, आणि भार महिनाभर राहिला की आणखी उतरते. आम्ही अशा मालाला चारपट धरतो. म्हणजे ३८८, सरळ लिहा: "कॉम्प्रेशन किमान ४०० किलो, प्रत्येक लॉटचा चाचणी अहवाल सोबत."

मग कागद कोणता वापरायचा ते पुरवठादाराला ठरवू द्या, पण त्याने काय ठरवलं ते थरागणिक लिहून देणं सक्तीचं करा. तुम्हीच थर ठरवून दिले आणि वर ४०० किलोही मागितले, तर पेटी दबल्यावर तो म्हणणार, "तुम्ही सांगितला तोच कागद लावला." जबाबदारी तुमच्या अंगावर.

---

सीमा_निफाड | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

काका, हे मला पूर्ण पटत नाही. लहान गटाकडे कुठलं कॉम्प्रेशन मशीन? पुरवठादार अहवाल देईल, तो त्याच्याच मशीनवरचा. त्यावर विश्वास ठेवायचा आणि पेटी दबली की काय करायचं? कागद किमान वजनकाट्यावर तोलून बघता येतो. आम्ही थर लिहूनच देतो.

---

पुठ्ठेवाला | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

सीमाताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणून तर थर लिहून घ्या म्हटलं. तपासायचं असं: पेटीच्या सपाट भागाचा १० × १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. उदाहरणार्थ तीन लायनर १८० चे आणि दोन फ्लूट १५० चे असतील तर लायनरचे ५४०. फ्लूटचा कागद नागमोडी असल्याने सुमारे १.४ पट लागतो, म्हणजे ४२०. एकूण ९६०. चौकोन ९.६ ग्रॅम आणि वर थोडी खळ, असा दहाच्या आत-बाहेर भरला पाहिजे. साडेआठ भरला तर कागद कमी आहे. कोणता थर कमी केला ते बघायचं तर चौकोन पाण्यात भिजवा, थर सुटे होतात, वाळवून एकेक तोला. लुच्चेगिरी बहुधा मधल्या लायनरमध्ये होते, कारण तो दिसत नाही.

बीएफ मात्र असा घरी कळत नाही. तिथे प्रयोगशाळाच लागते.

---

कांदेपाटील_लासलगाव | १५ ऑक्टोबर, रात्री ८:२०

आमच्याकडे कांद्याच्या जाळीच्या गोण्यांचं असंच होतं. एक जण नगावर भाव देतो, एक किलोवर. नगावरची स्वस्त वाटते, पण गोणी इतकी पातळ की हमालाने आकडा लावला की फाटते. शेवटी मी सगळ्यांना सांगितलं, नगाचा भाव द्या आणि शंभर गोण्यांचं वजन पण लिहा. तुमच्या पेटीला ते चालेल का? आणि हो, लासलगावात गोण्या देणारा कोणी चांगला माहीत असेल तर नंबर कळवा.

---

पुठ्ठेवाला | १५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

पाटील, नंबर इथे नको. पण तुमचा उपाय पेटीलाही तंतोतंत लागू आहे. एका पेटीचं वजन हा तक्त्यातला सर्वांत बोलका रकाना आहे.

---

गोदाकाठ | १७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

सगळ्यांचं वाचून मसुदा केला. पहिलं पान वर्णनाचं: बाहेरचं माप ४०० × ३०० × १२० मिमी, फरक जास्तीत जास्त उणे २, अधिक शून्य. पॅलेट १२०० × १०००, अठरा थर, ५.७ किलोची पेटी, शीतगृहात शून्य ते एक अंश, प्रवास चार आठवडे. हवेच्या भोकांच्या जागा रेखाचित्रात. छपाई दोन रंग. दुसरं पान उत्तराचं. त्यात पुरवठादाराने फक्त आकडे भरायचे:

```
१.  भाव प्रति पेटी, जीएसटी वगळून, कारखान्यावर   ____
२.  ओझर पॅकहाऊसपर्यंत भाडे, प्रति पेटी           ____
३.  डाय व छपाईचे स्टिरिओ, एकदाच (एकूण रु.)       ____
४.  जीएसटी टक्के                                 ____
५.  प्रत्येक थराचा जीएसएम व बीएफ (५ थर)          ____
६.  एका पेटीचे वजन, ग्रॅम (फरक ± ५ टक्के)        ____
७.  कॉम्प्रेशन, किलो                             ____
८.  पहिला लॉट किती दिवसांत, पुढचे किती दिवसांत   ____
९.  आगाऊ टक्के / उधारीचे दिवस                    ____
१०. भाव किती तारखेपर्यंत कायम                    ____
११. आमच्या वर्णनापेक्षा काय वेगळे देणार          ____
```

पत्राच्या वर लिहिलं आहे: "शून्य असेल तर शून्य लिहा, रकाना रिकामा ठेवू नये. स्वतःच्या लेटरहेडवर वेगळं कोटेशन दिल्यास ते धरलं जाणार नाही."

---

पुठ्ठेवाला | १७ ऑक्टोबर, रात्री ११:२०

चांगलं आहे. अकरावा रकाना ठेवलात ते विशेष आवडलं. आमच्यासारख्यांना कधी तुमच्यापेक्षा चांगला पर्याय सुचतो, तो सांगायला जागा हवी. पण एक अट घाला: आधी मागितलेल्या वर्णनाचा भाव भरायचा, पर्यायाचा भाव वेगळ्या तक्त्यात. नाहीतर तो पर्यायाचाच भाव पहिल्या रकान्यात टाकतो आणि तुलना पुन्हा बिघडते.

आता आमच्या बाजूने तीन गोष्टी. "४०,००० पेट्या" एवढं लिहू नका, कोणत्या आठवड्यात किती ते लिहा. एकदम ४०,००० आणि दर आठवड्याला ५,००० यांचा भाव एक नसतो, कारण छापलेला माल आमच्या गोदामात पडून ओल धरतो. दुसरं, जानेवारीत कागदाचा भाव हलला तर काय, हे आधी ठरवा. नुसतं "भाव कायम" लिहिलं की प्रामाणिक माणूस तो धोका भावात मिळवतो. तिसरी गोष्ट मनापासून सांगतो: एकाचा भाव दुसऱ्याला दाखवून खाली पाडू नका. तसं होतं असं कळलं की पुढच्या वर्षी तुमचा तक्ता कोणी मनापासून भरत नाही, चार आकडे टाकून पाठवून देतात.

---

अनघा_हिशेब | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

जीएसटीबद्दल वर ओझरकर म्हणाले ते निम्मं बरोबर आहे. निर्यातीच्या मालासाठी भरलेल्या जीएसटीची वजावट किंवा परतावा मागता येतो. पण तुमच्या त्याच पेट्यांतला काही माल देशात विकला जात असेल तर ताजी द्राक्षं करमुक्त असल्याने त्या हिश्शाचा जीएसटी परत येत नाही, तो खर्चच. शिवाय परतावा यायला वेळ लागतो, तोवर पैसे अडकतात. चौथा रकाना ठेवा, आणि तुमच्या सीएला विक्रीचा हिस्सा सांगून विचारा.

तुलनेसाठी एक रकाना तुमच्या बाजूला ठेवा, पुरवठादाराला दाखवायचा नाही. भाव B मध्ये, भाडं C मध्ये, डायचे पैसे D मध्ये असतील तर:

```
=B2+C2+D2/40000
```

पाठवताना पत्रकाला `Protect Sheet` लावा, फक्त भरायचे रकाने उघडे ठेवा. नाहीतर कोणी मधेच एक ओळ घालतो आणि तुमचं सूत्र भलत्याच रकान्याकडे बघतं.

---

गोदाकाठ | २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

पाच जणांना पाठवलं. दोघांनी स्वतःच्याच लेटरहेडवर भाव दिले, त्यांना फोन करून तक्ता भरायला सांगितलं. एकाने भरला, दुसऱ्याने "आम्ही असंच देतो" म्हणून सोडून दिलं. आणखी एकाने कळवलं की या हंगामात क्षमता नाही. हातात तीन उत्तरं आहेत. नावं न देता मांडतो.

पहिला: ३१.२०, भाडं १.१०, डाय-स्टिरिओ १८,००० (म्हणजे पेटीमागे ४५ पैसे). पैसे माल उतरल्यावर. पेटी ४२० ग्रॅम. एकूण ३२.७५.

दुसरा: ३३.५०, भाडं शून्य, डाय शून्य, ४५ दिवस उधारी. पेटी ४३० ग्रॅम.

तिसरा: २८.६०, भाडं १.१०, डाय २६,००० (६५ पैसे), निम्मे पैसे महिनाभर आधी. एकूण ३०.३५. वजनाचा रकाना रिकामा. नमुना मागवून तोलला, ३५५ ग्रॅम.

गेल्या वर्षीसारखं नुसता भाव बघितला असता तर पहिला दुसऱ्यापेक्षा २.३० ने स्वस्त वाटला असता. खरा फरक ७५ पैशांचा. त्यात दुसऱ्याच्या ४५ दिवसांच्या उधारीवर १२ टक्क्यांनी व्याज धरलं तर पेटीमागे ५० पैसे वाचतात, म्हणजे उरला २५ पैशांचा फरक.

---

सीमा_निफाड | २ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आणि तिसरा? किलोवर काढून बघा ना.

---

गोदाकाठ | २ नोव्हेंबर, रात्री १०:०२

काढलं ताई. पहिल्याचा ३१.२० भागिले ०.४२०, किलोला ७४ रुपये. तिसऱ्याचा २८.६० भागिले ०.३५५, किलोला जवळजवळ ८१. जो स्वस्त दिसतोय तोच कागदाला जास्त पैसे घेतोय, फक्त कागद पंधरा टक्के कमी लावतोय. कॉम्प्रेशनच्या रकान्यात त्याने "४००+" लिहिलं आहे.

---

ओझरकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मग तिसऱ्याला सरळ बाद करा.

---

पुठ्ठेवाला | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

एवढी घाई नको. कमी वजनात जास्त दाब सोसणारी पेटी बनते. चांगला क्राफ्ट, योग्य फ्लूट आणि कोपऱ्याची वेगळी घडी असेल तर ३५५ ग्रॅममध्ये जमू शकतं, आणि मग किलोला भाव जास्त असणंही बरोबरच आहे. पण मग पाचव्या रकान्यात थर आणि बीएफ तसे दिसले पाहिजेत. त्याने काय लिहिलंय?

---

गोदाकाठ | ३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

"५ प्लाय, सेमी क्राफ्ट, सॅम्पलप्रमाणे." एवढंच.

---

पुठ्ठेवाला | ३ नोव्हेंबर, दुपारी १:३५

मग "४००+" ला आधार नाही. एकच लेखी प्रश्न विचारा: थर लिहून द्या आणि त्याच पेटीचा बाहेरच्या प्रयोगशाळेतला अहवाल द्या. तीन दिवस द्या. तिघांच्याही नमुन्यांचे अहवाल एकाच प्रयोगशाळेतून करून घेतलेत तर उत्तम. तिघांच्या तीन मशीनवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

---

सीमा_निफाड | ३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

आणि तोवर पॅकहाऊसवर हे करा. तिघांच्या प्रत्येकी चार पेट्या भरून पूर्वशीतकरणाच्या खोलीत ठेवा. चारही सुट्या मांडायच्या, एकमेकींवर नाही, आणि प्रत्येकीवर सपाट फळी टाकून ९७ किलो वजन ठेवायचं. पाच दिवसांनी चारही कोपऱ्यांची उंची पट्टीने मोजा. चार आठवड्यांचा प्रवास यातून कळत नाही हे खरं, पण कोणती पेटी आधी बसते ते दिसतं. मी तरी अहवालापेक्षा यावर जास्त विश्वास ठेवते.

---

पुठ्ठेवाला | ३ नोव्हेंबर, दुपारी २:२५

दोन्ही करा. ताईंशी माझा वाद तेवढा चालूच राहील.

---

गोदाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

तिसऱ्याने थर लिहून दिले नाहीत, अहवालही नाही. फोनवर म्हणाला, "एवढ्या चौकशा कोणी करत नाही, भाव आवडला तर घ्या." त्याच्या पेट्या तरी खोलीत ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी चारपैकी तीन पेट्यांचा एक-एक कोपरा ७ ते ९ मिमी बसला. पहिल्याच्या पेट्या २ मिमी, दुसऱ्याच्या साधारण तेवढ्याच.

पहिल्या-दुसऱ्यात २५ पैशांचा फरक आहे, ४०,००० पेट्यांवर १०,००० रुपये. दुसऱ्याची पेटी दहा ग्रॅमने जड, पण त्याचा पुढचा लॉट बारा दिवसांत, पहिल्याचा सहा. जानेवारीच्या शेवटी एकदम माल उतरतो तेव्हा हे सहा दिवस महत्त्वाचे आहेत असं मला वाटतं, गटातले काही जण उधारीकडे बघताहेत. उद्या बैठक आहे. अनघाताई, उधारीचं व्याज १२ टक्क्यांनी धरलं ते ठीक ना, की आमच्या पतसंस्थेचा दर धरू?

---

अनघा_हिशेब | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

तुम्ही खरोखर ज्या दराने पैसे उचलता तोच धरा. १२ च्या जागी १४ धरलात तर ४५ दिवसांवर आठ पैसे आणखी, फरक १७ पैशांवर येईल. आणि बैठकीत तक्ता छापून न्या, सगळ्या रकान्यांसह.